लघुदुकानांसाठी लेखा-सॉफ्टवेअरच्या श्रेणी

लघुदुकानांसाठी लेखा-सॉफ्टवेअरच्या श्रेणी म्हणजे हिशेब ठेवण्याचे एकच सॉफ्टवेअर वेगवेगळ्या मर्यादांसह आणि वेगवेगळ्या किमतींना विकण्याची पद्धत होय. या मर्यादा मुख्यतः चार बाबींवर घातलेल्या असतात: ठरावीक काळात तयार करता येणाऱ्या बीजकांची (बोलीभाषेत बिलांची) संख्या, वापरकर्त्यांची संख्या, बँक खात्यांची जोडणी आणि दुकानाबाहेरील लेखापालास दिला जाणारा स्वतंत्र प्रवेश. दुकानाची वार्षिक उलाढाल किती आहे यापेक्षा या चार बाबी कशा मोजल्या जातात, यावर दुकानाला कोणती श्रेणी पुरेल हे ठरते.

मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत बाजारपेठ शेतीच्या हंगामाशी बांधलेली असल्याने मोजणीचा हा प्रश्न ठळकपणे दिसतो. प्रस्तुत लेखात या भागातील कृषी सेवा केंद्र, म्हणजे बियाणे, खते व कीटकनाशके विकणारे दुकान, हे प्रमुख उदाहरण म्हणून घेतले आहे.

## पार्श्वभूमी

नांदेड व लातूरच्या पेठांमध्ये हिशेबाची परंपरागत साधने रोजकीर्द, खतावणी आणि उधारीची वही ही होती. दिवसभराचे व्यवहार रोजकिर्दीत लिहून ते खतावणीत ज्या त्या खात्यावर चढवले जात. वही संपली की नवी वही घेतली जाई. एका वहीत किती बिले लिहावीत किंवा किती जणांनी ती उघडावी यावर विक्रेत्याची कोणतीही अट नसे.

संगणकीय हिशेबाचा भारतात प्रसार करणाऱ्या कंपन्यांपैकी टॅली सोल्यूशन्स ही एक प्रमुख कंपनी आहे. तिची स्थापना १९८६ मध्ये प्यूट्रॉनिक्स या नावाने श्यामसुंदर गोएंका व भरत गोएंका यांनी केली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर (जीएसटी) लागू झाल्यावर विवरणपत्रे ऑनलाइन भरणे आवश्यक झाले आणि तालुक्याच्या गावांतील दुकानांतही संगणकीय बीजके रूढ झाली. वस्तूंच्या पुरवठ्यासाठी महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून वार्षिक ४० लाख रुपये उलाढाल अशी आहे. ही उलाढाल मोजताना करमुक्त मालाची विक्रीही धरली जाते. त्यामुळे मुख्यतः करमुक्त बियाणे विकणारे, पण सोबत थोडी खते ठेवणारे दुकानही नोंदणीच्या कक्षेत येऊ शकते.

## श्रेणींचे दोन प्रकार

सॉफ्टवेअरची किंमत आकारण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत दुकानदार परवाना एकदाच विकत घेतो व सॉफ्टवेअर दुकानातील संगणकावर चालते. टॅलीप्राइमच्या सिल्व्हर व गोल्ड या श्रेणी अशा स्वरूपाच्या आहेत. सिल्व्हर परवाना एका संगणकासाठी असतो, तर गोल्ड परवान्यात एकाच स्थानिक जाळ्यातील अनेक संगणकांवर काम करता येते. दोन्हींत बीजकांच्या संख्येवर मर्यादा नसते, पण गोल्डची किंमत सिल्व्हरच्या सुमारे तिप्पट असते. म्हणजे येथे श्रेणी ठरते ती वापरकर्त्यांवरून.

दुसऱ्या पद्धतीत माहिती कंपनीच्या सर्व्हरवर राहते आणि मासिक किंवा वार्षिक वर्गणी आकारली जाते. चेन्नई येथील झोहो कंपनीचे झोहो बुक्स हे याचे उदाहरण होय. २०२० नंतरच्या काही वर्षांत त्याच्या भारतातील मोफत श्रेणीत वर्षाला १,००० बीजके, एक वापरकर्ता व एक लेखापाल अशी मर्यादा होती, तर पहिल्या सशुल्क श्रेणीत वर्षाला ५,००० बीजके व तीन वापरकर्ते अशी तरतूद होती. अशा मर्यादा व किमती कंपन्या वेळोवेळी बदलतात. याशिवाय, वार्षिक उलाढाल दीड कोटी रुपयांपर्यंत असलेल्या करदात्यांसाठी जीएसटी नेटवर्कने २०१९ मध्ये काही खासगी कंपन्यांमार्फत मोफत हिशेब व बीजक-सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिले.

## बीजकांची संख्या

### काय मोजले जाते

‘बीजक’ या शब्दाचा सॉफ्टवेअर कंपनीचा अर्थ आणि दुकानदाराचा अर्थ नेहमीच सारखा नसतो. काही श्रेणींत केवळ विक्रीची बीजके मोजली जातात. काहींत माल परत घेतल्यावर दिलेल्या जमा-चिठ्ठ्या (क्रेडिट नोट), दरपत्रके आणि रद्द केलेली बीजकेही त्याच मर्यादेत धरली जातात. कृषी सेवा केंद्रात हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण पाऊस लांबल्यास किंवा पेरणीचा बेत बदलल्यास शेतकरी न उघडलेल्या पिशव्या परत आणतात आणि प्रत्येक परतीसाठी स्वतंत्र जमा-चिठ्ठी तयार होते.

लहान किराणा वा स्टेशनरी दुकानासाठी कायद्यात एक सवलत आहे. विक्री २०० रुपयांपेक्षा कमी असेल, ग्राहक जीएसटी-नोंदणीकृत नसेल आणि त्याने बीजक मागितले नसेल, तर प्रत्येक विक्रीला स्वतंत्र बीजक न देता दिवसाअखेर अशा सर्व विक्रींचे मिळून एकच एकत्रित बीजक करता येते. लातूरच्या गंजगोलाईतील एखाद्या किरकोळ दुकानात दिवसाला दीडशे लहान विक्री होत असतील, तर सॉफ्टवेअरच्या मोजणीत त्यांचे एकच बीजक होऊ शकते.

कृषी सेवा केंद्राला मात्र या सवलतीचा फारसा उपयोग नसतो. खत (नियंत्रण) आदेश, १९८५ आणि बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ यांनुसार विक्रेत्याने खरेदीदारास रोखीची वा उधारीची पावती देणे बंधनकारक आहे. त्यामुळे दीडशे रुपयांच्या बियाण्याच्या पाकिटालाही स्वतंत्र पावती लागते आणि अशा दुकानाची बीजकसंख्या सारख्याच उलाढालीच्या इतर दुकानांपेक्षा जास्त भरते.

### करपात्र व करमुक्त माल

पेरणीच्या बियाण्यांवर जीएसटी नाही, रासायनिक खतांवर तो ५ टक्के, तर रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के आहे. करपात्र मालासाठी ‘कर बीजक’ आणि करमुक्त मालासाठी ‘पुरवठा देयक’ द्यावे असा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे सोयाबीनचे बियाणे व खत एकाच वेळी नेणाऱ्या शेतकऱ्यासाठी अनेक दुकाने दोन बिले फाडतात आणि मोजणी दुप्पट होते.

याची आवश्यकता नसते. जीएसटी नियमावलीतील नियम ४६-अ अन्वये नोंदणीकृत नसलेल्या ग्राहकास करपात्र व करमुक्त माल एकत्र विकल्यास दोन्हींसाठी मिळून एकच ‘बीजक-नि-पुरवठा देयक’ देता येते. सॉफ्टवेअरमध्ये या प्रकारचा दस्तऐवज उपलब्ध आहे का, हे श्रेणी निवडण्यापूर्वी पाहणे उपयुक्त ठरते.

### मासिक आणि वार्षिक मर्यादा

मर्यादा महिन्यावर आहे की वर्षावर, हा हंगामी दुकानासाठी सर्वांत निर्णायक फरक होय. मराठवाड्यात खरिपाच्या पेरणीची गर्दी मृगाच्या पावसाबरोबर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होते आणि जुलैच्या मध्यापर्यंत टिकते. रब्बीची गर्दी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असते. इतर महिन्यांत दुकान तुलनेने शांत असते.

पुढील गणित लातूर जिल्ह्यातील एका काल्पनिक, मध्यम आकाराच्या कृषी सेवा केंद्राचे आहे. खरिपाच्या ४५ दिवसांत रोज सरासरी ९० बिले धरल्यास ४,०५० बिले होतात. रब्बीच्या ४० दिवसांत रोज ४५ या हिशेबाने १,८०० आणि उरलेल्या सुमारे २१५ कामकाजाच्या दिवसांत रोज १० या हिशेबाने २,१५० बिले होतात. वर्षाची बेरीज ८,००० येते. महिन्याची सरासरी ६६७ असल्याने ‘महिन्याला १,००० बीजके’ ही श्रेणी कागदावर भरपूर वाटते. प्रत्यक्षात जून महिन्यातच २,७०० बिले होतात. मर्यादा जूनच्या मध्यापूर्वीच संपते आणि दुकानात रांग लागलेली असताना श्रेणी वाढवावी लागते. याउलट ‘वर्षाला १०,००० बीजके’ ही श्रेणी याच दुकानाला पुरते.

याच दुकानात वर्षभरात १,५०० शेतकऱ्यांनी बियाण्यासोबत खत वा औषध नेले आणि प्रत्येकाला दोन बिले दिली गेली, तर संख्या ९,५०० होते. त्यात ६०० जमा-चिठ्ठ्या मोजल्या गेल्यास ती १०,१०० वर जाऊन वार्षिक मर्यादाही ओलांडते. नियम ४६-अ प्रमाणे एकत्रित देयक दिल्यास हीच संख्या ८,६०० राहते.

### प्रत्यक्ष संख्या कशी काढावी

दुकानाने मागील वर्षी नेमके किती दस्तऐवज दिले याची माहिती त्याच्याच विवरणपत्रात असते. जीएसटीआर-१ मधील तक्ता १३ मध्ये प्रत्येक मालिकेतील पहिला व शेवटचा क्रमांक, एकूण संख्या आणि रद्द केलेल्यांची संख्या नोंदवावी लागते. त्यात बीजके व जमा-चिठ्ठ्या वेगवेगळ्या दाखवलेल्या असल्याने कंपनी काय मोजते हे समजल्यावर योग्य आकडा घेता येतो. वार्षिक उलाढाल पाच कोटींपर्यंत असून तिमाही विवरणपत्राचा पर्याय घेतलेला असल्यास हे आकडे तीन महिन्यांचे मिळतात. अशा वेळी १ जून व ३० जूनच्या बिलांचे क्रमांक पाहून गर्दीच्या महिन्याची संख्या स्वतंत्रपणे काढता येते.

## वापरकर्त्यांची संख्या

वापरकर्त्यांची मर्यादाही दोन प्रकारे मोजली जाते. एका प्रकारात प्रत्येक व्यक्तीच्या नावाने स्वतंत्र खाते असते आणि खात्यांची संख्या मोजली जाते. दुसऱ्या प्रकारात खाती कितीही असू शकतात, पण एका वेळी ठरावीक जणच काम करू शकतात. मालक सकाळी व मुनीम दुपारी संगणकावर बसत असेल, तर दुसऱ्या प्रकारात एक जागा पुरते. पहिल्या प्रकारात दोन लागतात.

हंगामात कृषी सेवा केंद्रात कामाची विभागणी होते. अनुदानित खतांची विक्री आधार-प्रमाणीकरणासह ई-पॉस यंत्रावर नोंदवावी लागते, म्हणून एक व्यक्ती त्या यंत्रापाशी असते. बियाणे व औषधांचे बिल दुसरी व्यक्ती करते आणि गोदामातील साठा तिसरी पाहते. ई-पॉस यंत्रावरील नोंद दुकानाच्या हिशेबात आपोआप येईलच असे नसते. तसे होत नसेल तर खताची तीच विक्री लेखा-सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा लिहावी लागते आणि दोन्हीकडील शिल्लक साठा जुळतो का, हे रोज पाहावे लागते.

जागा कमी पडल्यावर एकच परवलीचा शब्द सर्वांनी वापरणे हा सर्रास आढळणारा मार्ग आहे. यात पैसे वाचतात, पण नोंद कोणी केली हे नंतर कळत नाही. जीएसटी नियमावलीच्या नियम ५६(८) प्रमाणे हिशेबातील नोंद खोडून वा पुसून टाकता येत नाही आणि हिशेब संगणकावर असल्यास बदललेल्या व काढून टाकलेल्या प्रत्येक नोंदीचा माग ठेवावा लागतो. सर्व बदल एकाच नावावर दिसत असतील, तर असा माग असूनही चुकीचा उगम शोधता येत नाही. बिल झाल्यावर ते रद्द करून रोख रक्कम काढून घेण्याचा प्रकार घडल्यास, तो कोणत्या गल्ल्यावर घडला एवढेही सांगता येत नाही.

दोन संगणकांवर स्वतंत्रपणे बिले होत असतील तर क्रमांकांचा प्रश्नही येतो. बीजकाचा क्रमांक आर्थिक वर्षात एकदाच येणारा, सलग आणि १६ वर्णांपेक्षा मोठा नसावा, असा नियम आहे. इंटरनेट खंडित असताना दोन्ही संगणकांनी पुढचा तोच क्रमांक दिला, तर जोडणी परत आल्यावर एकाच क्रमांकाची दोन बिले आढळतात. कायद्याने एकाहून अधिक मालिका ठेवता येत असल्याने प्रत्येक गल्ल्याला वेगळे आद्याक्षर देणे हा सोपा उपाय आहे. उदाहरणार्थ, पहिल्या गल्ल्यासाठी `A/25-26/0001` आणि दुसऱ्यासाठी `B/25-26/0001`. हे क्रमांक १२ वर्णांचे असल्याने मर्यादेत बसतात. काही सॉफ्टवेअरांत एकापेक्षा अधिक मालिका ठेवण्याची सोय वरच्या श्रेणीतच मिळते.

## बँक-जोडणी

### जोडणीच्या पातळ्या

खालच्या श्रेणीत साधारणपणे बँकेचे खातेविवरण फाइलच्या स्वरूपात उतरवून घेऊन ते सॉफ्टवेअरमध्ये भरण्याची सोय असते. वरच्या श्रेणीत बँकेतील व्यवहार ठरावीक अंतराने आपोआप येतात आणि किती खाती जोडता येतील यावर मर्यादा असते. त्याहून वरच्या पातळीवर सॉफ्टवेअरमधूनच पुरवठादाराला रक्कम पाठवता येते.

आपोआप जोडणीचा एक अधिकृत मार्ग म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार काम करणारे अकाउंट ॲग्रिगेटर होत. खातेदाराने दिलेल्या संमतीनुसार ते एका संस्थेकडील माहिती दुसऱ्या संस्थेकडे पोहोचवतात. संमतीत हेतू व कालावधी नमूद असतो आणि ती मागे घेता येते. कालावधी संपला की माहिती येणे थांबते. दुकानदाराला हे लगेच जाणवत नाही, कारण पडद्यावर जुनी शिल्लक दिसत राहते. शेवटच्या आलेल्या व्यवहाराची तारीख पाहणे ही त्यावरची साधी कसोटी होय.

### स्थानिक बँकांचा प्रश्न

जोडणी उपलब्ध होण्यासाठी खाते असलेली बँक त्या व्यवस्थेत सहभागी असावी लागते. मराठवाड्यात एकेकाळी स्टेट बँक ऑफ हैदराबादचे जाळे मोठे होते. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. मात्र शेतकरी आणि छोटे व्यापारी यांचे व्यवहार जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका, नागरी सहकारी बँका व पतसंस्था यांतूनही मोठ्या प्रमाणावर चालतात. दुकानाचे मुख्य खाते अशा संस्थेत असेल आणि ती संस्था जोडणीच्या यादीत नसेल, तर आपोआप जोडणीसाठी दिलेली जादा किंमत वाया जाते. म्हणून वर्गणी भरण्यापूर्वी बँकेचे नाव यादीत आहे का हे पाहावे लागते. ती संस्था खातेविवरण तक्त्याच्या फाइलमध्ये देते की केवळ पासबुकावर छापून देते, हेही महत्त्वाचे असते. छापील पासबुकातील नोंदी हातानेच भराव्या लागतात.

### दुहेरी नोंद

आपोआप जोडणीतील नेहमीची चूक म्हणजे एकच रक्कम दोनदा जमा होणे. समजा, शेतकऱ्याने ४,००० रुपयांचे कीटकनाशक घेतले, त्यावर ७२० रुपये कर लागून बिल ४,७२० रुपयांचे झाले आणि त्याने ते यूपीआयने भरले. गल्ल्यावरील व्यक्तीने बिलापुढे ‘रक्कम मिळाली’ अशी नोंद केली. दुसऱ्या दिवशी बँकेकडून ४,७२० रुपयांची ओळ सॉफ्टवेअरमध्ये आली. ही ओळ आधीच्या जमेशी जुळवली, तर नवी नोंद होत नाही. पण ती नवी विक्री म्हणून स्वीकारली, तर विक्री दोनदा दिसते आणि ७२० रुपयांचा करही दोनदा भरला जाऊ शकतो. हंगामात अशा २० चुका झाल्यास १४,४०० रुपये जास्तीचे जातात.

काही क्यूआर-सेवा दिवसभरातील सर्व भरणा एकत्र करून एकच रक्कम बँकेत जमा करतात. त्या वेळी बँकेतील ओळ कोणत्याही एका बिलाशी जुळत नाही. यासाठी ‘क्यूआर येणे’ असे मधले खाते ठेवले जाते. बिलाची रक्कम प्रथम या खात्यावर लिहिली जाते आणि बँकेत एकत्रित रक्कम आली की हे खाते तेवढ्याने कमी केले जाते. सेवाशुल्क कापले गेले असल्यास ते खर्चात दाखवले जाते. सर्व काही बरोबर असल्यास रक्कम बँकेत आल्यानंतर या खात्याची शिल्लक शून्य होते. शिल्लक वाढत राहिली, तर भरणा अडकला आहे किंवा बँकेतील ओळ चुकीच्या खात्यावर गेली आहे, हे समजते.

## लेखापालाचा प्रवेश

नांदेड व लातूरमधील बहुतेक लहान दुकानांत पूर्णवेळ लेखापाल नसतो. सनदी लेखापाल किंवा करसल्लागार एकाच वेळी अनेक दुकानांची विवरणपत्रे भरतात. त्यांना हिशेब पाहता यावा म्हणून काही कंपन्या वापरकर्त्यांच्या संख्येबाहेर एक मोफत जागा देतात, काही लेखापालालाही वापरकर्ता म्हणून मोजतात, तर काही अतिरिक्त शुल्क घेतात.

असा प्रवेश नसल्यास संपूर्ण हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवरून किंवा ई-मेलने लेखापालाकडे पाठवली जाते. यातील धोका परतीच्या वेळी उद्भवतो. वरील उदाहरणातील दुकानाने एप्रिल ते जून तिमाहीच्या विवरणपत्रांसाठी ९ जुलैच्या रात्री प्रत पाठवली, असे मानू. महाराष्ट्रातील तिमाही करदात्यांसाठी जीएसटीआर-३बी भरण्याची सर्वसाधारण मुदत त्यानंतरच्या महिन्याची २२ तारीख असते. लेखापालाने आपल्या प्रतीत दुरुस्त्या करून ती १८ जुलैच्या सकाळी परत दिली आणि दुकानाने ती जुन्या माहितीच्या जागी बसवली. या दरम्यान १० ते १५ जुलै या सहा दिवसांत ५४० आणि पुढील दोन दिवसांत २० अशी ५६० बिले झाली होती. ती सर्व हिशेबातून नाहीशी होतात. ग्राहकांकडे छापील बिल असते, पण दुकानाकडे विक्री, उधारी आणि साठा यांची नोंद राहत नाही. याची पहिली खूण म्हणजे बिलाचा पुढचा क्रमांक मागे जाणे. ती दिसताच नवे बिल न करता १७ जुलैच्या रात्रीची सुरक्षित प्रत परत बसवावी लागते आणि लेखापालाच्या दुरुस्त्या तिच्यात नव्याने लिहाव्या लागतात.

स्वतंत्र प्रवेशात दोघे एकाच माहितीवर काम करतात, त्यामुळे हा प्रसंग येत नाही. मात्र प्रवेशाचे अधिकार नीट आखावे लागतात. लेखापालास सर्व अहवाल पाहणे, समायोजनाच्या नोंदी करणे आणि विवरणपत्र भरल्यानंतर तो कालावधी कुलूपबंद करणे यांची गरज असते. बिले तयार करणे वा रद्द करणे यांची नसते. कालावधी कुलूपबंद केला नाही, तर गल्ल्यावरील व्यक्ती मागील तारखेचे बिल बदलू शकते आणि भरलेले विवरणपत्र व हिशेब यांत तफावत पडते. करसल्लागार बदलल्यास जुन्याचा प्रवेश बंद करणे स्वतंत्र खात्यामुळे एका क्रियेत होते. सामायिक परवलीच्या शब्दाच्या बाबतीत मात्र सर्वांचाच शब्द बदलावा लागतो.

## उदाहरण: श्रेणीची निवड

वर गणित केलेल्या दुकानापुढे पुढील तीन काल्पनिक श्रेणी आहेत, असे मानू.

| श्रेणी | बीजके | वापरकर्ते | बँक खाती | लेखापाल |
|---|---|---|---|---|
| पहिली | महिन्याला १,००० | १ | केवळ फाइल भरणे | स्वतंत्र जागा |
| दुसरी | वर्षाला १०,००० | ३ | २ आपोआप | वापरकर्त्यांत मोजणी |
| तिसरी | वर्षाला २५,००० | ५ | ५ आपोआप | २ स्वतंत्र जागा |

पहिली श्रेणी जून महिन्यातच अपुरी पडते. दुसरी श्रेणी, प्रत्येक वेळी दोन बिले दिल्यास १०,१०० दस्तऐवजांमुळे अपुरी वाटते. पण एकत्रित देयक दिल्यास ८,६०० दस्तऐवज होत असल्याने बीजकांच्या बाबतीत पुरते. या दुकानाची बँक खाती दोन आहेत. त्यांपैकी सहकारी बँकेतील खाते जोडणीच्या यादीत नसल्याने त्याचे विवरण फाइलनेच भरावे लागते. म्हणजे आपोआप जोडणी एकाच खात्याला लागते आणि त्याही बाबतीत दुसरी श्रेणी पुरेशी आहे.

अडचण येते ती जागांची. बिल करणारी व्यक्ती, गोदाम सांभाळणारी व्यक्ती, मालक आणि लेखापाल मिळून चार जागा लागतात आणि दुसऱ्या श्रेणीत तीनच आहेत. २५,००० बीजकांची या दुकानाला गरज नाही. केवळ एका जागेसाठी तिसरी श्रेणी घ्यावी लागते. अशा वेळी दुसऱ्या श्रेणीत एक जादा जागा विकत मिळते का आणि तिची वार्षिक किंमत दोन श्रेणींमधील फरकापेक्षा कमी आहे का, एवढीच तुलना उरते. जागा वाचवण्यासाठी लेखापालाला मालकाच्या नावाने प्रवेश देणे हा पर्याय वर वर्णन केलेल्या कारणांमुळे महाग पडू शकतो.

## वर्गणी संपल्यानंतर

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. एकदाच विकत घेतलेल्या परवान्यात माहिती दुकानाच्या संगणकावर असल्याने ती उघडता येते, परंतु संगणक बिघडल्यास जबाबदारी दुकानदाराचीच असते. वर्गणीच्या पद्धतीत मुदत संपल्यावर काही कंपन्या हिशेब केवळ वाचण्यासाठी खुला ठेवतात, काही ठरावीक काळानंतर तो बंद करतात. खालच्या श्रेणीत उतरल्यास जादा वापरकर्ते व बँक-जोडण्या बंद होऊ शकतात.

त्यामुळे प्रत्येक आर्थिक वर्ष संपल्यावर रोजकीर्द, खतावणी, विक्री व खरेदीची नोंदवही, साठ्याचा अहवाल आणि बदलांचा माग हे सर्व फाइलच्या स्वरूपात उतरवून दुकानाबाहेरही एक प्रत ठेवली जाते. उतरवलेल्या फाइलमधील शेवटचा बीजक-क्रमांक तक्ता १३ मधील शेवटच्या क्रमांकाशी जुळला, तर वर्षातील शेवटचे बिलही तिच्यात आले आहे याची खात्री करता येते.